ओल्या कागदातलं वांग्याचं बी

मी संशयी आहे, हे मला माहेरीही सांगत आणि सासरीही. पण रोपवाटिका चालवणाऱ्या बाईनं संशयी नसावं म्हणजे काय करावं? श्रीगोंद्याच्या बाजूला आमचं शेडनेट आहे. लोक रोपं न्यायला येतात, तसे काही जण स्वतःचं बी घेऊन येतात, ट्रेमध्ये लावून द्या म्हणतात. पुडी हातात घेतली की तारखेच्या जागी नेमकं पुसलेलं असतं. कुणी ते फ्रिजवर ठेवलेलं असतं, कुणी बाथरूमच्या खिडकीत, आणि विचारलं की सगळ्यांचं बी एकदम ताजं. उगवलं नाही की मात्र बी चांगलं होतं, रोपवाटिकेनंच घोळ घातला. अशी दोन-तीन खापरं डोक्यावर फुटल्यावर मी नियम केला. आणलेलं बी आधी कागदावर उगवून दाखवायचं, मगच ट्रेत जायचं.

त्यात शिकण्यासारखं फार काही नाही. साधा जाड टिश्यूपेपर घ्यायचा, पाण्यात बुडवून निथळू द्यायचा. पाणी थेंब थेंब गळता कामा नये, नाहीतर बी गुदमरून कुजतं. त्यावर बिया मोजून, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडायच्या, वर दुसरा कागद, घडी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात उबेला ठेवायचं. नाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहायची, कारण शाई ओलीत पसरते. वांगं-मिरचीला चौदा दिवस वाट बघायची. विसातल्या अठरा उगवल्या तर ट्रेच्या एका भोकात एक बी. दहा-अकरा उगवल्या तर एका भोकात दोन. चार-पाचच उगवल्या तर मालकाला हात जोडायचे. हे सगळं मी त्या मालकाच्या समोर करते, आणि मोजताना त्यालाच मोठ्यानं मोजायला लावते.

ही गोष्ट आहे ती माझ्या मोठ्या जावेच्या बियाची. वाटण्या झाल्या तेव्हा तिचं घर ओढ्याच्या पलीकडे गेलं, आमचं रस्त्याला आलं. मी तिला अक्का म्हणते. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. पण भांडण झालेलं बरं, निदान मिटतं तरी.

सासूबाईंचं एक वांगं होतं. हिरवट पांढऱ्या रेघांचं, काटेरी देठाचं, भाजलं की साल हातात अलगद निघून यायची. बाजारात ते कुठंच मिळत नाही. सासूबाई दरवर्षी दोन वांगी झाडावरच पिवळी पडेपर्यंत ठेवायच्या, बी काढून धुवायच्या, सावलीत वाळवून राखेत घालून डबीत भरायच्या. त्या गेल्या आणि डबी अक्काकडे राहिली. मी दोनदा मागितली. एकदा अक्का म्हणाली, बी संपलं. दुसऱ्यांदा म्हणाली, सापडत नाही. संपलेलं बी सापडणार कसं, हे मी तिला विचारलं नाही, पण मनात मात्र लिहून ठेवलं.

आणि त्या मे महिन्यात, ऊन नुसतं अंगाला चावत असताना, अक्का स्वतः चालत शेडनेटवर आली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती बांध ओलांडत नव्हती. पदराच्या टोकाला बांधलेली चिंधी तिनं सोडली आणि टेबलावर ठेवली. आत राखेनं माखलेलं वांग्याचं बी. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते. मग म्हणाली, “आत्याबाईंचं हाय. समदं एकदम पेर, ट्रे भरून. उरवू नको.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षं जे संपलं होतं, सापडत नव्हतं, ते आज उठून माझ्या दारात, तेही न मागता? आणि सगळं एकदम कशासाठी? शहाणी बाई घरचं शेवटचं बी सगळं कधी काढत नाही, मूठभर मागं ठेवतेच. सासूबाईंनी आम्हा दोघींना तेच शिकवलं होतं. मी विचारलं, कधीचं बी आहे. ती म्हणाली, त्याच पिकाचं, आत्याबाई होत्या तेव्हाचं. म्हणजे चार वर्षांचं. मधे लावलं का, तर ह्यावर ती ट्रेकडे बघत राहिली.

मी तिथंच ठरवलं की ही मला अडकवायला आलेली आहे. बी मेलेलं आहे हे हिला ठाऊक आहे, आणि ते माझ्या ट्रेत मरावं, म्हणजे उद्या गावात सांगता येईल, आत्याबाईंचं वांगं धाकटीनं घालवलं. मी तिला नियम सांगितला. आधी कागद, मग ट्रे. तिनं तोंड वाकडं केलं. घरच्या माणसाला कसला नियम, म्हणाली, आणि बी पाण्यात टाकून बघ, तळाला बसलं की चांगलं. मी सांगितलं की मेलेलं बीसुद्धा तळाला बसतं, अक्का. मग दोघींनी चाळून, राख फुंकून, एकेक बी मोजलं. दोनशे चौदा भरलं. तिनं मनात मोजलं, मी मोठ्यानं मोजलं, आणि आकडा जुळला तेव्हा आम्हा दोघींनाही थोडंसं वाईट वाटलं.

वीस बिया मी कागदावर मांडल्या. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला नव्या पाकिटातल्या संकरित वांग्याच्या वीस मांडल्या, तुलनेला. डबे सगळे मिरचीच्या पुड्यांनी अडकले होते, म्हणून ही पुडी स्टीलच्या ताटात, वर दुसरं ताट झाकून ठेवली. त्या उन्हात कागद सारखा वाळायचा. मी येता-जाता हात धुवायच्या नळाखाली ओंजळ धरायची आणि शिंपडायची.

पाकिटातल्या बिया उगवल्या, विसातल्या सोळा. नेहमीपेक्षा दोन-तीन दिवस उशिरा, पण उगवल्या. उशीर झाला तो उन्हानं, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढं गेले. अक्काच्या वीसपैकी एकही उगवली नाही. सातव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. चौदाव्या दिवशी मी भिंग लावून बघितलं. दोन बियांवर बुरशीचा कापूस आला होता, बाकीच्या होत्या तशा, चपट्या आणि मुक्या.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. बघा, म्हटलं, मी बोलले नव्हते? सासूबाईंचं वांगं गेलं ह्याचं दुःख नंतर आलं, पाठीमागून, लाज वाटत वाटत. आधी आला तो आनंद, की मी पकडलं. तसंच झालं होतं.

आणि मी तिथंच थांबले नाही. अक्का आली तेव्हा दोन बायका झेंडूची रोपं न्यायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी तिला ताट दाखवलं. शेजारी उगवलेल्या सोळा दाखवल्या. म्हटलं, कागद एक, ताट एक, पाणी एक, ऊन एक. मग हे नाही आणि ते कसं उगवलं? चुलीवर ठेवलं होतं का डबीला, का गरम पाण्यात घातलं होतं? मला माहीत होतं मी काय बोलतेय. मुद्दाम मारलेलं बी आणून दिलंस, असंच मी म्हणत होते, फक्त शब्द जरा पुसून.

अक्कानं ताट स्वतःकडे ओढलं. झेंडूवाल्या बायका उगाच रोपं चाचपत उभ्या राहिल्या. मग ती म्हणाली, “परत लाव. माझ्यासमोर लाव. अन् पानी मी आनते.”

मी विचारलं, पाण्याला काय झालं. तर म्हणाली, “तुमी फवारनी करता. तुज्या भांड्याला कसलं औषध लागलं असंल, मला काय ठावं? तुझा काय भरवसा.”

मला इतका राग आला की हसू आलं. माझ्यावर संशय, माझ्याच शेडनेटमध्ये. पण राग असला तरी नियम माझाच होता, मालकासमोर लावायचं. मी म्हटलं, आणा. आणि म्हटलं, मग मीही माझ्या पाण्यात लावणार, वेगळी पुडी, म्हणजे तुमच्या पाण्याचं कौतुक कळेल.

दुसऱ्या दिवशी ती आली ती काचेची बाटली पदराखाली घेऊन, माठातलं पाणी भरून. नळपाणी योजनेचं पाणी गावात येतं, तेच ती माठात भरते. बाटली तिनं माझ्या हातात दिली नाही. नवा कागद तिनं स्वतः बुडवला, स्वतः निथळला. एकाच चिंधीतून, एकाच ढिगातून मी वीस आणि वीस बिया मोजल्या. एक पुडी तिच्या पाण्याची, एक माझ्या नळाची. ह्या वेळी पिशव्या आणि डबे, दोन सारखे. तिच्या डब्याला तिनं काळ्या दोऱ्याचे वेढे दिले आणि कसलीशी गाठ मारली जी मी उघडून तशीच परत मारू शकणार नाही. मीही काही कमी नाही. माझ्या डब्याच्या झाकणावरून डब्यावर पेन्सिलीनं एक रेघ ओढली. झाकण हललं की रेघ तुटणार. दोन्ही डबे एकाच फळीवर ठेवले.

आमचे हे टेम्पोतून रोपं उतरवून आले, डबे बघितले, आणि इथं काय निवडणूक आहे का म्हणून विचारलं.

पुढचे दिवस अक्का रोज सकाळी यायची. ओढा ओलांडून, गुडघा धरत. गाठ बघायची, रेघ बघायची, आणि जायची. मी चहा विचारायची, ती नको म्हणायची. चौथ्या दिवशी दोघींनी मिळून उघडलं, तिनं तिच्या बाटलीतून शिंपडलं, मी माझ्या नळाचं, आणि गाठ अन् रेघ परत नव्यानं मारली. कुठंच काही दिसत नव्हतं. मला आतून वाटत होतं की दोन्ही मेलेलंच निघावं, म्हणजे विषय संपेल. आणि वाटत होतं की निदान एक तरी उगवावी. ही दोन मनं घेऊन मी त्या आठवड्यात रोपांना पाणी घालत होते.

नवव्या दिवशी गाठ सुटली. तिचा कागद उलगडला. पांढरे, बारीक, वाकलेले मुळांचे कोंब. तिनंच मोजले, मोठ्यानं. अकरा. मग माझा डबा, रेघ दोघींनी तपासली, शाबूत होती. कागद उलगडला. तीन बियांची साल जेमतेम तडकली होती, बाकी सतरा मुक्या.

माझं डोकं लगेच धावलं ते तिच्यावरच. हिनं बी बदललं. पण कधी? एकाच ढिगातून मी माझ्या हातानं मोजलं होतं. गाठ तिची होती, पण फळी माझी होती, ती एकटी एकदाही आत आली नव्हती. संशयाला जागाच उरली नाही तेव्हा मी नळाकडे बघितलं.

ह्यांना हाक मारली आणि विचारलं, हात धुवायच्या टाकीत पाणी कसलं आहे. ते अगदी सहज म्हणाले, “बोअरचं. शेततळं खाली गेलं म्हनून महिना झाला कॉक फिरवलाय. तळ्यातलं नुसतं ट्रेला राखलंय. तुला सांगितलं हुतं की.”

मला सांगितलं असेलही. मी कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, त्यात हेही ऐकायचं राहिलं असेल. आमच्या बोअरचं पाणी असं खारं की साबणाला फेस येत नाही आणि त्यात डाळ शिजत नाही. ट्रेवर ते कधी घालायचं नाही हे आमच्या कामाला येणाऱ्या बायकांनाही पाठ आहे. वर्षभर त्या नळाला तळ्याचं गोडं पाणी असायचं, म्हणून कागद भिजवायला मी तिथंच जायची, सवयीनं. आणि पहिल्या वेळी तर कागद वाळला की शिंपड, वाळला की शिंपड. पाणी उडून जायचं, खार कागदात राहायचा. ताकदीचं नवं बी त्यातूनही उशिरा का होईना वर आलं. चार वर्षांच्या म्हाताऱ्या बियाला ते झेपलं नाही. उशीर मला दिसला होता. मी तो उन्हाच्या नावावर टाकला, कारण मला आरोपी आधीच सापडला होता.

पहिली पुडी मी रागानं कुंपणाच्या भिंतीवर भिरकावली होती. जाऊन बघितली. कागद वाळून कडक झाला होता आणि कडेला पांढरा खार धरला होता, मिठागरासारखा. तो कागद मी आणून अक्कासमोर ठेवला.  म्हटलं, बी जिवंत होतं, अक्का, मीच त्याला मारत होते. चुलीचं बोलले ते चुकले.

मला वाटलं ती आता ऐकवेल, आणि ऐकवायचा तिला हक्क होता. ती खुर्चीवर बसली, गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, “दोन वरसं मी लावलंच न्हाई. गुडघ्यानं बसले हुते. गेल्या साली वाफ्यात टाकलं, तर एक बी वर आलं न्हाई. आत्याबाईचं बी माज्या हातून गेलं असं वाटलं. मरायचंच असंल तर तुज्या हातून मरूदे, म्हनून आनलं.”

म्हणजे मी बरोबर होते. बियाबद्दल सगळं चूक आणि तिच्याबद्दल सगळं बरोबर. खापर माझ्यावर फोडायलाच ती आली होती, आणि हे ती माझ्या तोंडावर सांगत होती. मला चिडायला हवं होतं. पण गुडघा धरून रोज ओढा ओलांडणारी बाई काय नुसती गाठ बघायला येत होती? मला तर बी मेलं म्हणून आनंद झाला होता. तिला निदान भीती वाटली होती. मी चहा ठेवला आणि ह्या वेळी विचारला नाही, नुसता समोर ठेवला. तिनं घेतला.

गेल्या वर्षी तिच्या वाफ्यात का आलं नाही, हेही मग बोलता बोलता उलगडलं. तिच्या वाफ्याला पाणी आमच्याच शिवारातल्या बोअरचं. दोन घरांची वाटणी झाली, खार मात्र दोघींकडे सारखाच आला.

अकरा कोंबांची मुळं तुटू नयेत म्हणून मी ओल्या काडीच्या टोकानं एकेक उचलून ट्रेतल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, भोकात, मूळ खाली, हलकेच ठेवली. माझ्या तीन तडकलेल्या धुऊन, गोड्या पाण्यातून काढून त्याही लावल्या. उरलेलं एकशे चौपन्न बी, निम्मं उगवतंय हे कळल्यावर, एका भोकात दोन असं पेरलं. सत्त्याहत्तर भोकं. ट्रे अठ्ठ्याण्णव भोकांचा, सात भोकं रिकामी राहिली. अक्का म्हणाली ती मिरचीनं भर. मी भरली नाही. पाणी तिच्या माठाचं, पहिले चार दिवस. मी तळ्यातलं घालते म्हटलं तरी ती बाटली घेऊन यायची, आणि आता मलाही ते बरंच वाटत होतं.

एक गोष्ट मात्र भरून आली नाही. त्याच महिन्यात पारनेरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचं घरचं मिरचीचं बी मी त्याच नळावर तपासून, मेलंय म्हणून परत दिलं होतं. मी फोन केला, परत आणा म्हटलं, चूक माझी होती. तो म्हणाला, तुमी मेलं म्हनला तवा कोंबड्यांफुडं टाकलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून तपासणीचं पाणी मी शिक्का मारल्यासारखं वेगळ्या बाटलीत ठेवते आणि बाटलीवर पेन्सिलीनं लिहिते, कुठलं आणि कधीचं.

साठेक भोकांत रोपं झाली. निम्मी अक्काच्या वाफ्यात गेली, निम्मी आमच्या बांधाला, आणि ह्या वेळी दोन्हीकडे पाटाचं पाणी मिळेपर्यंत माठाच्या बाटल्या गेल्या. वांगी धरली, तेव्हा भरीत आधी अक्काकडे झालं. तीन वांगी झाडावर पिवळी पडेपर्यंत ठेवली. बी काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं, राखेत घातलं. तिनं ते माझ्यासमोर मोजून दोन चिंध्यांत अर्धं अर्धं बांधलं आणि एक चिंधी माझ्या हातात दिली.

मी घरी आले आणि परत मोजलं. बरोबर होतं. एकटीच हसले, आणि वीस बिया काढून कागद भिजवायला बसले. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे गेले तर अक्काच्या फळीवर, माठाशेजारी, काळ्या दोऱ्याची गाठ मारलेला एक डबा होता.